परत आलेल्याची परीक्षा

सोडमुंजीच्या विधीत बटू काशीला निघतो. हाती छत्री आणि काठी घेऊन तो मांडवाच्या दारापर्यंत जातो, मग मामा वाट अडवतो, आपली मुलगी देण्याचे कबूल करतो आणि बटू परत फिरतो. सगळे हसतात. हा विनोदाचा भाग आहे हे खरे. पण त्यात मराठी संसाराची एक जुनी धास्तीही दडलेली आहे. काशी म्हणजे जिकडे गेलेला पुरुष परत येईलच असे नाही ती दिशा. गृहस्थाश्रमाच्या उंबरठ्यावरच त्या दिशेची आठवण करून दिली जाते, आणि तिकडून परतण्याची तालीमही लागलीच करून घेतली जाते.

काशीत ही मराठी दिशा जेथे जाऊन स्थिरावली ते ठिकाण म्हणजे ब्रह्माघाट आणि त्यालगतचा दुर्गाघाट. अठराव्या शतकात पेशव्यांच्या आश्रयाने आणि नारायण दीक्षित पाटणकर यांच्या पुढाकाराने येथे मराठी ब्राह्मणांची वस्ती उभी राहिली. नाना फडणविसांचा वाडा, दत्ताचे मंदिर, गौड सारस्वतांचा काशी मठ ही सर्व स्थळे याच परिसरातली. वेदाध्ययनासाठी, क्षेत्रसंन्यासासाठी, मरणासाठी माणसे येथे येत राहिली. या वस्तीचा इतिहास लिहिला जातो तेव्हा तो अर्थातच आलेल्यांचा इतिहास असतो. ज्यांना मागे ठेवून ही माणसे आली त्यांच्याविषयी, आणि यांतील जे कोणी परत गेले त्यांच्याविषयी, घाटावरचे दगड काही सांगत नाहीत.

परत गेलेल्यांपैकी एकाची कथा मात्र प्रत्येक मराठी माणसास ठाऊक आहे. ब्रह्माघाटावरून दक्षिणेकडे पायऱ्यापायऱ्यांनी चालत गेले की दुर्गाघाट ओलांडून पंचगंगाघाट लागतो. तेथे रामानंदांचा श्रीमठ आहे. ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत यांनी काशीत संन्यास घेतला आणि गुरूच्या आज्ञेने ते पत्नीकडे परतले, ही कथा सांगताना अनेक आख्यानकार त्या गुरूचे नाव रामानंद असे देतात. कालगणनेच्या दृष्टीने हे जुळत नाही. विठ्ठलपंत तेराव्या शतकातले. रामानंदांचा काळ त्यानंतरचा. इतर आख्यानांत गुरूचे नाव श्रीपाद किंवा नृसिंहाश्रम असेही येते. तेव्हा काशीतला नेमका घाट आणि नेमका गुरू यांचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. कथेचा इतिहास म्हणून पुरावा दुबळा आहे. परंतु सहाशे-सातशे वर्षे एका समाजाने ती ज्या तपशिलांसह जपली, ते तपशील एका नैतिक प्रश्नाचा पुरावा म्हणून फार मोलाचे आहेत.

प्रश्न असा. दोन माणसे एकत्र राहिली, त्यांतील एकाने दुसऱ्याला सोडले, मध्ये वर्षे गेली, आणि आता ती दोघे पुन्हा एकत्र येऊ पाहत आहेत. सोडून गेलेला म्हणतो, मी आता तो राहिलो नाही. हे खरे की खोटे, ते कशावरून ओळखावे? आपल्याकडील चर्चा बहुधा क्षमेपाशी थांबते. क्षमा करावी की नाही, हा क्षमा करणाऱ्याच्या मनाचा प्रश्न आहे. बदल झाला आहे की नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. बदल न झालेल्यालाही क्षमा करता येते आणि खरोखर बदललेल्यालाही ती नाकारता येते. दोन्ही प्रश्न एकच समजल्याने बराच घोटाळा होतो.

कथेकडे वळू. विठ्ठलपंत आपेगावचे. तीर्थयात्रा करीत ते आळंदीस आले, तेथील सिद्धोपंत कुलकर्णी यांनी त्यांना आपली कन्या रुक्मिणी दिली. आई-वडिलांच्या निधनानंतर दांपत्य आळंदीस येऊन राहिले. विठ्ठलपंतांचे मन प्रपंचात नव्हते. पत्नीच्या अनुमतीवाचून संन्यास घेता येत नाही आणि त्यांना तर अपत्यही नव्हते. ते पुनःपुन्हा अनुमती मागत; ती देत नसे. शेवटी एकदा त्यांनी गंगास्नानाला जाऊ का, असे विचारले. ती हो म्हणाली. काही कथनांत ती अन्यमनस्क होती, असेही सांगितले जाते. त्या होकाराला त्यांनी संन्यासाची अनुमती मानले. काशीत गुरूने बायको-मुले आहेत का, अशी चौकशी केली तेव्हा मागे कोणी नाही, असे त्यांनी सांगितले. दीक्षा मिळाली, चैतन्याश्रम हे नाव मिळाले.

येथे अपराध कोणता, हे नीट पाहिले पाहिजे. वैराग्य हा अपराध नव्हे. सोडून जाणे हाही, त्या काळच्या दृष्टीने, एका मर्यादेत अपराध नव्हता. अपराध दोन आहेत. एका गोष्टीसाठी मिळालेला होकार दुसऱ्या गोष्टीसाठी वापरला, आणि जिचा होकार वापरला तिचे अस्तित्वच गुरूपुढे पुसून टाकले. पहिली फसवणूक आळंदीत झाली, दुसरी काशीत. दोन्हींत एकच वृत्ती आहे. अडचणीचे जे सत्य ते बोलायचेच नाही, आणि न बोलण्यातून स्वतःची वाट मोकळी करून घ्यायची.

पुढची कथा प्रसिद्ध आहे. रुक्मिणी आळंदीच्या सोन्याच्या पिंपळाला प्रदक्षिणा घालीत राहिली. कित्येक कथनांत ही वर्षे बारा आहेत. गुरू रामेश्वरयात्रेस निघाले असता आळंदीत उतरले, तिने नमस्कार केला, त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला. ती हसली. कारण विचारताच तिने सांगितले की, पती काशीत संन्यासी झाले आहेत, तेव्हा हा आशीर्वाद खरा कसा व्हावा? गुरूने खुणा विचारल्या. यात्रा सोडून ते काशीस परतले आणि शिष्याला समोर बसवून तोच प्रश्न पुन्हा विचारला. आता विठ्ठलपंतांनी खरे सांगितले. गुरूने त्यांना घरी जाऊन संसार करण्याची आज्ञा केली.

बहुतेक कीर्तनकार येथे कथेला विसावा देतात, आणि श्रोत्यांनाही वाटते की चूक दुरुस्त झाली. माझ्या मते येथे काहीच दुरुस्त झालेले नाही. विठ्ठलपंतांनी सत्य सांगितले खरे, पण ते केव्हा? गुरू स्वतः आळंदीहून पत्नीच्या तोंडून हकिगत ऐकून आले असताना. त्या क्षणी खोटे बोलण्यात लाभ उरला नव्हता. कोंडीत सापडलेल्याचा कबुलीजबाब हा त्याच्या बदलाचा पुरावा होत नाही; तो कोंडीचा पुरावा असतो. घरी परतणेही त्यांनी निवडलेले नाही. ती आज्ञा आहे. उद्या दुसरी आज्ञा झाली असती तर ते दुसरीकडे गेले असते, अशी शंका घ्यायला जागा आहे.

आज्ञेने माणूस घरी येतो, एवढेच. शास्त्राला आणि राज्यसत्तेला हे नेहमीच ठाऊक होते, म्हणून त्यांनी आपली मागणी मर्यादित ठेवली. बायको-मुलांची तजवीज न करता प्रव्रज्या घेणाऱ्याला कौटिल्य दंड सांगतो. त्याने मनाने परत यावे असे तो म्हणत नाही. धर्मकार्यासाठी परदेशी गेलेल्या पतीची पत्नीने आठ वर्षे वाट पाहावी, असे मनू सांगतो. आठ वर्षांनंतर काय करावे यावर भाष्यकारांचे एकमत नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने संसारत्याग करून एखाद्या धर्मपंथात प्रवेश करणे हे घटस्फोटाचे एक कारण मानले, आणि सात वर्षे माणसाची काही खबर नसणे हे आणखी एक. घटस्फोट झाल्यावर तीच दोघे पुन्हा एकत्र येऊ इच्छीत असतील तर कायद्याला त्यांचे लग्न नव्यानेच लावलेले हवे असते. कायद्यापाशी जुना संसार पुढे चालू करण्याची सोय नाही. यात एक कठोर शहाणपण आहे, असे मला वाटते.

आज्ञेची मर्यादा मुंबईत एकदा फार स्पष्टपणे दिसली. तेथील नायिकेचे नाव रखमाबाई असावे हा योगायोग. बालपणी लग्न झालेली रखमाबाई नवऱ्याकडे कधी नांदायला गेलीच नव्हती. दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलात तो निकाल फिरला. १८८७ मध्ये तिने नवऱ्याकडे जावे, न गेल्यास तुरुंगवास भोगावा, असा हुकूम झाला. तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये पैसे देऊन प्रकरण मिटले. येथे पुनर्मीलन नाही, कारण मुळात मीलनच नव्हते. पण एक गोष्ट त्या खटल्याने उघड केली. घरात आणून बसवण्याचा हुकूम देता येतो, आणि तो देणाऱ्या न्यायालयाला घरात पुढे काय होईल याची चौकशी करण्याचे साधन नसते. काशीतल्या गुरूलाही ते नव्हते.

मग हे साधन कोणाजवळ असते? संस्कृत साहित्यात या प्रश्नाचा सर्वांत धाडसी प्रयोग विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने केला आहे. 'उत्तररामचरिता'तील सीतात्याग आणि आळंदीची कथा यांत एक साम्य आहे, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. सीतेला अरण्यात जाण्याची इच्छा झालेली असते, ती स्वतःच तसे बोलून दाखवते, आणि रामाकडून होणारा त्याग याच सहलीच्या आडून घडतो. तिचा होकार वनविहाराला होता, जसा रुक्मिणीचा गंगास्नानाला. दोन्हीकडे स्त्रीच्या तोंडचा 'हो' तिच्याच विरुद्ध वापरला गेला आहे. मध्ये गेलेली वर्षेही, पुन्हा योगायोगाने, बाराच.

भवभूतीने तिसऱ्या अंकात जे केले ते असे. राम जनस्थानात, म्हणजे जेथे ते दोघे एकेकाळी सुखाने राहिले होते तेथे, येतो. सीताही तेथेच आहे. पण भागीरथीच्या प्रभावाने ती कोणालाच दिसत नाही, वनदेवतांनाही नाही. तमसा नदी तिच्या सोबतीला आहे. राम ओळखीची झाडे, ओळखीचे प्राणी पाहून कोसळतो. सीता त्याला स्पर्शाने शुद्धीवर आणते, तरी तिचे तेथे असणे त्याला कळत नाही. वनदेवता वासंती रामाला बोल लावते. अश्वमेधासाठी सहधर्मचारिणी आहे, असे राम म्हणतो तेव्हा सीतेचा जीव क्षणभर दडपतो; मग कळते की, ती सहधर्मचारिणी म्हणजे सीतेचीच सुवर्णप्रतिमा. टाकलेपणाची लाज त्या क्षणी तिच्या मनातून उतरते.

परीक्षेच्या दृष्टीने या योजनेची ताकद कशात आहे? परत आलेला माणूस आपल्यासमोर जसा वागतो तो पुरावा फारसा उपयोगी नसतो, कारण आपल्याला परत मिळवणे हाच त्या वागण्याचा हेतू असू शकतो. सीतेला रामाचे असे वागणे पाहायला मिळते की, जे तिच्यासाठी केलेले नाही. त्यातही आसवांपेक्षा सुवर्णप्रतिमेचे मोल अधिक आहे. आसवे एका दुपारची. प्रतिमा करवून घेणे हा सर्व राज्यासमोर, दुसरी राणी आणणे सहज शक्य असताना घेतलेला निर्णय. सीतेने तो पुरावा मानला हे योग्यच झाले. प्रत्यक्ष आयुष्यात अदृश्य होण्याची सोय नाही; तथापि मधल्या वर्षांत तो माणूस आपल्याविषयी इतरांजवळ काय बोलला, आपल्या पश्चात त्याने कोणती जागा रिकामी ठेवली आणि कोणती भरून टाकली, याची माहिती बहुधा मिळते. ती आपल्यासाठी तयार केलेली नसते, म्हणून तिला वजन असते.

परंतु रसिकांनी न दुखावता ऐकावे असे एक येथे म्हटले पाहिजे. भवभूतीच्या रामाचे दुःख अथांग आहे, त्याची निष्ठा संशयातीत आहे, आणि तरीही वासंती जेव्हा विचारते की, हे असे कृत्य का केलेस, तेव्हा त्याचे उत्तर बारा वर्षांपूर्वीचेच आहे. लोकांना ते सहन होत नाही, असे तो म्हणतो. म्हणजे दुःख वाढले. कारण बदलले नाही. उद्या लोक पुन्हा कुजबुजू लागले तर हा काय करील? नाटक हा प्रश्न विचारू देत नाही. सातव्या अंकात गंगेच्या काठी वाल्मीकींचे नाटक होते, अरुंधती प्रजेला खडसावते, प्रजा सीतेपुढे नम्र होते आणि मगच राम-सीता एकत्र येतात. बदलली ती प्रजा. ज्या कसोटीवर राम पूर्वी उतरला नाही, ती कसोटीच कवीने दूर केली. मूळ उत्तरकांडात सीतेला पुन्हा प्रत्यय मागितला जातो आणि ती भूमीत जाते. तो शेवट सहन होत नाही म्हणून भवभूतीने हा रचला, हे समजण्यासारखे आहे. परंतु त्यामुळे त्याचे पुनर्मीलन हे पश्चात्तापाचे पुनर्मीलन राहिले. बदलाचे आहे की नाही हे कोणालाच, सीतेलाही, कळले नाही.

पश्चात्ताप आणि बदल यांतील हे अंतर विठ्ठलपंतांच्या जन्माआधी काही दशके एका ज्यू धर्मपंडिताने नेमके सांगून ठेवले होते. मैमोनिडीज (११३८–१२०४) हा कोर्डोबात जन्मलेला आणि इजिप्तमध्ये वैद्यकी करणारा तत्त्वज्ञ. पूर्ण पश्चात्ताप कशाला म्हणावे, याची चर्चा करताना त्याने घेतलेले उदाहरण असे: ज्या प्रसंगी माणसाचे पाऊल घसरले तोच प्रसंग पुन्हा यावा, तीच व्यक्ती, तेच स्थळ, अंगात तीच शक्ती असावी, पाप करणे शक्य असावे, आणि तरी त्याने ते करू नये, न करण्याचे कारण भीती किंवा दुबळेपणा हे नसावे. म्हातारपणी, जेव्हा करणेच शक्य उरत नाही, तेव्हाचा पश्चात्तापही त्याला मान्य आहे, पण तो कमी प्रतीचा. या निकषात एक अडचण आहे, ती लपवू नये. तोच प्रसंग कधीच जसाच्या तसा परत येत नाही. वर्षे गेलेली असतात, माणसे थकलेली असतात, मोह निवळलेला असतो. अनेक संसार पुन्हा जुळतात आणि टिकतात ते माणसे बदलल्यामुळे नव्हे, तर मोडण्याइतकी उमेद उरलेली नसल्यामुळे. त्यांना वाईट म्हणू नये. पण त्यांना बदलाचे उदाहरण म्हणूही नये.

आता विठ्ठलपंतांना हा निकष लावून पाहावा. त्यांचा मोह संन्यासाचा नव्हता, गैरसोयीचे सत्य न बोलण्याचा होता, हे वर पाहिले. तेव्हा त्यांची खरी परीक्षा काशीत गुरूपुढे झाली नाही आणि आळंदीच्या दारात रुक्मिणीपुढेही झाली नाही. ती त्यानंतर झाली. काशीहून आळंदीपर्यंतच्या वाटेवर शेकडो गावे आहेत. भगवी वस्त्रे उतरवून, पत्नीला बोलावून घेऊन, ज्यांना आपली हकिगत ठाऊक नाही अशा एखाद्या गावी बिऱ्हाड करणे अशक्य नव्हते. 'मागे कोणी नाही' असे एकदा सांगितले होते, तसे 'मी कधी संन्यासी नव्हतो' एवढेच आणखी एकदा सांगायचे होते. किंबहुना सांगायचेही नव्हते. गप्प राहिले की झाले. लाभ मोठा होता, साक्षीदार नव्हता. जुना प्रसंग यापेक्षा अधिक जुळत्या रूपात पुन्हा येणे कठीण.

आणि किंमत काय होती, तेही पाहिले पाहिजे. संन्यास घेऊन पुन्हा गृहस्थ झालेल्याला धर्मशास्त्र आरूढपतित म्हणते. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात चौथ्या पादात याचा विचार आला आहे: वरच्या आश्रमात गेलेल्याला खालच्या आश्रमात परतणे नाही, आणि जो परततो त्याला शिष्टांनी बाहेरच ठेवावे. चोरी, मद्यपान इतकेच काय, ब्रह्महत्येलाही प्रायश्चित्ते सांगितली गेली. याला मात्र ती देण्यास शास्त्री कचरत. संसाराकडे परतणे हे त्यांच्या दृष्टीने सोडून जाण्यापेक्षा मोठे पाप होते. काशीला हे माहीत नव्हते, असे म्हणता येत नाही. हा नियम जेथे शिकवला जाई तेच हे नगर.

विठ्ठलपंत आळंदीसच आले. जेथे प्रत्येकाला सारे ठाऊक होते, सासऱ्यांचे गाव, पिंपळाला प्रदक्षिणा घालणारी रुक्मिणी जेथे वर्षानुवर्षे सर्वांनी पाहिलेली, तेथे. बहिष्कार पडला. मुले झाली: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई. ज्ञानदेवांचा जन्म सामान्यतः १२७५ हा धरला जातो. मुंजीचा प्रश्न आला तेव्हाही विठ्ठलपंतांनी आपली हकिगत झाकली नाही. ब्रह्मवृंदापुढे जाऊन ते प्रायश्चित्त मागत राहिले. आख्याने या वर्षांतील विठ्ठलपंतांचे एकही उद्गार मोठे करून सांगत नाहीत. ते काही समर्थन करीत नाहीत, गुरूच्या आज्ञेचा आडोसाही घेत नाहीत. कथनकारांना हा भाग नीरस वाटला असावा. मला तो साऱ्या कथेतला सर्वांत बोलका वाटतो. एका खोट्याने गेलेला माणूस आता दररोज, जेथे गप्प राहणे स्वस्त पडले असते तेथे, खरे बोलतो आहे. आणि येथे कोणती अरुंधती प्रजेला खडसावायला येत नाही. लोक बदलले नाहीत. रामाला जी कसोटी कवीने माफ केली, ती विठ्ठलपंतांना वर्षानुवर्षे द्यावी लागली.

यावरून एक बारीक गोष्ट ध्यानात येते. परत आलेल्याची परीक्षा घेणारे बहुधा जुन्या भांडणाचा विषय पाहतात. पूर्वी तो घरी उशिरा येई, आता वेळेवर येतो. पूर्वी पैसे देत नसे, आता देतो. विठ्ठलपंत पूर्वी निघून गेले, आता जात नाहीत. हे पाहणे चुकीचे नाही, पण वरवरचे आहे. दोष विषयात नसतो, वृत्तीत असतो, आणि वृत्ती नवा विषय शोधते. घर न सोडताही ज्याने सत्य बोलणे पुन्हा सोडले तो पुन्हा गेलाच. म्हणून पाहायचे ते हे की, ज्या जातीच्या अडचणीत तो पूर्वी पळाला, त्याच जातीची पण वेगळ्या वेषातली अडचण आल्यावर तो काय करतो. अशी अडचण मुद्दाम निर्माण करता येत नाही. मुद्दाम रचलेली परीक्षा म्हणजे परीक्षकाने केलेली नवी फसवणूक. वाट पाहावी लागते, आणि तेवढा काळ विश्वास ठेवल्याशिवाय वाटही पाहता येत नाही. पुनर्मीलनातला खरा पेच हाच आहे: पुरावा एकत्र राहिल्यानेच मिळणार, आणि एकत्र राहण्याचा निर्णय पुराव्याआधी करावा लागणार.

हा निर्णय रुक्मिणीने केला का? कथेचे मोठे व्यंग येथे आहे. तिला कोणी विचारलेच नाही. पहिल्या वेळी तिचा होकार निदान मागितला तरी गेला, भलत्या शब्दांत का होईना. दुसऱ्या वेळी गुरूने शिष्याला आज्ञा केली, शिष्य आला, आणि तिला आनंद झाला असे सर्वांनी धरून चालले. इब्सेनच्या 'बाहुलीचे घर' (१८७९) या नाटकाच्या अखेरीस नोरा घर सोडताना परतण्याची एक अट सांगते: दोघेही इतके बदलले पाहिजेत की त्यांचे एकत्र राहणे खऱ्या अर्थाने विवाह ठरेल. 'दोघेही' हा शब्द महत्त्वाचा. सोडलेल्यानेही बदलायचे असते, ते या अर्थाने की, जिने गंगास्नानाचा प्रश्न अर्धवट ऐकून हो म्हटले तिने आता प्रश्न पुरता ऐकावा. पिंपळाभोवतीच्या त्या वर्षांत रुक्मिणीचे काय झाले असेल, याची एकच खूण कथेत उरली आहे. गुरूचा आशीर्वाद मुकाट्याने न घेता ती हसली, आणि विचारल्यावर तिने आशीर्वादातली विसंगती सांगितली. पूर्वी जिचे बोलणे सोयीने वळवले गेले, ती आता मोठ्या माणसासमोर नेमके बोलते आहे. तिच्या त्या एका हसण्यामुळे पुढचे सारे घडले. हा बदल तिचा, पती परतण्याच्या आधीचा, आणि पती परतला नसता तरी तो तिचाच राहिला असता. आख्यानकारांनी प्रदक्षिणांचे माहात्म्य सांगितले आणि हसणे आशीर्वादाची प्रस्तावना म्हणून ओलांडले, याची मला नेहमी हळहळ वाटते.

शेवटचा प्रसंग विद्यार्थ्यांनी टाळू नये, कारण वरच्या सर्व विवेचनाला त्याने धक्का बसतो. रूढ कथेप्रमाणे ब्रह्मवृंदाने देहान्त प्रायश्चित्त सांगितले, आणि विठ्ठलपंत व रुक्मिणी यांनी प्रयागास जाऊन संगमात देह ठेवला. मुले मागे राहिली. पुढे ती शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली, आणि १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. प्रयाग काशीपासून फार दूर नाही. म्हणजे तीच दिशा, तीच गंगा, आणि पुन्हा मागे ठेवलेली माणसे. हे दुसरे सोडून जाणे नव्हे का? मुलांच्या बाजूने पाहिले तर आहेच, आणि मुलांना त्यासाठी विचारले गेले नाही. पत्नीच्या बाजूने पाहिले तर एक फरक आहे: या वेळी गंगेला जाताना ती सोबत होती आणि कशासाठी जायचे हे तिला माहीत होते. पहिल्या प्रवासात जे दोन अपराध होते, त्यांतला एकही तिच्याबाबतीत या प्रवासात नाही. ज्या दोघांत फाटले होते त्यांच्यापुरते ते शिवले गेले; पण त्या शिवणीचे टोक मुलांच्या अंगावर ओढले गेले. बदल एका नात्यात खरा असूनही त्याची किंमत दुसऱ्या नात्याने भरावी, असे होऊ शकते. याचा निवाडा करण्यास मी असमर्थ आहे. करणाऱ्यांच्या घाईविषयी मात्र मला शंका आहे.

मुलांनी काय निवाडा केला, हे आपल्याला थेट कळत नाही. ज्ञानेश्वरीत गुरुपरंपरा आहे, राजाचे नाव आहे, आई-वडिलांची हकिगत नाही. साहित्यातून चरित्र काढण्याची आपली खोड वाईट, हे मीच वर्गात अनेकदा सांगितले आहे. तरीही 'अमृतानुभवा'चे पहिले प्रकरण वाचताना मन थबकते. तेथे ज्ञानदेव शिव-शक्तीचे वर्णन पति-पत्नी म्हणून करतात, आणि ते दांपत्य असे आहे की, त्यातील एकाला दुसऱ्यावाचून क्षणभरही असता येत नाही, एकाने दुसऱ्याला बाजूला सारून उरावे असे काही त्याच्याजवळ वेगळे नाहीच. अद्वैताचा सिद्धान्त सांगण्यासाठी त्यांना इतर कितीतरी दृष्टान्त उपलब्ध होते, आणि ते त्यांनी पुढे वापरलेही. आरंभी मात्र त्यांनी नवरा-बायको घेतले.